पगारातून कापलेला कर

माझे मामा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात बावीस वर्षं पगारपत्रकं करायचे. चहाच्या वर्गणीतले उरलेले दोन रुपये परत द्यायला ते पार पॅकिंग खात्यापर्यंत जात. मालकासमोर मात्र त्यांची बोबडी वळायची. मला त्याचा राग यायचा, आजही येतो.

कारखान्याला टाळं लागलं आणि काही महिन्यांनी मामांना आयकर खात्याचं इंटिमेशन, म्हणजे विवरणपत्र तपासून पाठवलेलं पत्र, आलं. मी एका कर सल्लागाराकडे नोकरीला आहे. मामा आमच्या ऑफिसात आले, कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "हे कुठे भरायचं, तेवढं सांग."

कागदावर दोन रकाने होते. एक मामांनी विवरणपत्रात दाखवलेला, दुसरा खात्यानं काढलेला. उत्पन्न दोन्हीकडे तेच, करही तोच. फरक एकाच ओळीत होता. पगारातून कापलेला कर इकडे अडतीस हजार चारशे, तिकडे शून्य. म्हणून तेवढी मागणी, वर व्याज, आणि भरायला तीस दिवस.

"मामा, मालकांनी कापलेला कर भरलाच नाही. तुमच्या नावावर काही जमा नाही."

"ठाऊक आहे." ते टेबलाकडे बघत होते. "वर्षभर दर महिन्याला म्हणायचे, पुढच्या महिन्यात भरू. मी कापत राहिलो. विवरणपत्र भरतानाही वाटलं, भरतील."

"मग तुम्ही एक पैसा भरू नका. पगारातून कापलेला कर नोकराकडून पुन्हा वसूल करता येत नाही, कायदाच आहे तसा. खात्याच्या पोर्टलवर मागणी अमान्य करायची. पगाराच्या पावत्या आणि पासबुक जोडायचं."

"पावत्यांवर सही माझी आहे गं."

खरी गोम इथे होती. कर कापल्याचा पुरावा त्या पावत्या, आणि कापणाऱ्याचं नावही त्यांच्यावरच. उद्या खात्यानं मालकाला गाठलं, तर मालक मामांकडे बोट दाखवायला मोकळा.

"ठेव मोडतो आणि भरून टाकतो," मामा म्हणाले. "कटकट नको."

माझं डोकंच फिरलं. "आणि कारखान्यातल्या बाकीच्या चाळीस जणांनी काय करायचं? त्यांनाही हाच कागद आला असेल ना?"

मामांनी कागदाची घडी घातली. "फिटर आला होता घरी. त्याला सव्वीस हजारांचं आलंय. मी म्हटलं, भरून टाक."

मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तेच म्हणाले, "काढ ते पोर्टलचं पान."

बारा पावत्या स्कॅन झाल्या. कारणाच्या चौकटीत त्यांनी मला लिहायला लावलं: कर मी कापला, तो भरला जात नव्हता हे मला माहीत होतं. एवढं लिहायची गरज नाही, असं मी दोनदा सांगितलं. "लिही," ते म्हणाले.

मग त्यांनी तिथूनच फिटरला फोन लावला. "अरे, भरू नकोस. मी चुकीचं सांगितलं तुला."

"परवाच भरले, साहेब," पलीकडून आवाज आला. "पोरीच्या फीचे होते. तुम्ही सांगितलंत ना, मग दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."