साक्षीदाराला प्रश्न विचारायचा होता

माझी धाकटी जाऊ इस्पितळात नर्स. औषधं गहाळ झाल्याच्या चौकशीत तिला दोषी धरून बडतर्फ केलं. आदेशावरची तारीख पाहून अपिलाची मुदत संपली असं समजून ती हातपाय गाळून बसली.

युनियनच्या भाऊंनी टपालाचा शिक्का पाहिला. "ताई, आदेश हातात पडल्यापासून मुदत मोजतात. अजून आठवडा आहे!" मग तिने लिहून आणलेला अपिलाचा मसुदा वाचून हसले. "हे रडगाणं शेवटी. आधी लिहा, माझ्याविरुद्ध बोललेल्या साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत. त्यासाठी केलेला तुमचा नाकारलेला अर्ज सोबत जोडा."

तिने तसंच लिहून मुदतीत दिलं. काल निर्णय आला. बडतर्फी रद्द, साक्षीपासून चौकशी पुन्हा.

"जाऊबाई, सुटले नाही हो अजून," ती म्हणाली, "पण आता त्याला विचारीन तरी!" आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.