अपडेटपायी अडलेलं बारसं

भाची जन्मली जर्मनीत आणि तिची एकुलती एक आत्या, म्हणजे मी, माहेरी घाटघर गावात. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. तो मी सोडते होय! दुपारी व्हिडिओ कॉल लावायचा, भाऊ तिकडे फोन बाळाच्या कानाला लावणार, असं ठरलं. आईनं इकडेही पाळणा बांधून त्यात वरवंटा निजवला. वाडीतल्या बायका नटूनथटून जमल्या. मी कॉल लावायला गेले तर ॲप म्हणे, फोनची सिस्टीम जुनी झाली, आधी अपडेट करा! आणि घरात रेंज धरणारा फोन तेवढा एकच.

फाइल आधीच उतरून बसली होती, मी नुसतं इन्स्टॉल दाबायचं. दाबलं. बॅटरी कमी आहे, चार्जर लावा. लावला. तेवढ्यात वडिलांनी, आमच्या दादांनी, झेप घेऊन पिन उपटली.

"आगं, येका लायनीवर दोन मोटारी चालवत्यात व्हय? चार्जिंग बी आन् अपडेट बी? जळंल ना!"

वडिलांनी गावाची पाण्याची मोटार आयुष्यभर सांभाळलेली. सगळं जग त्यांना मोटारच दिसतं.

"आवो दादा, चार्जिंगला लावूनच करायचं असतंय! मधेच बॅटरी संपली तर घोटाळा. तार लावली की संपायची भीती नाय."

"आन् लाईट गेली तर?"

"बॅटरी हाय की तवर!"

म्हणून आधी फोन थोडा भरू दिला, मग पिन तशीच ठेवून सुरू केलं. बायकांनी पाळण्याची गाणी एकदा संपवून पुन्हा धरली. फोन कोमट झाला. वडिलांनी त्याला हात लावून ताप आल्याचं जाहीर केलं, गोधडीवरून उचलून फरशीवर ठेवला, कव्हरही काढलं. त्यात मात्र ते बरोबर होते, पण मी कबूल केलं नाही.

आणि लाईट गेली. बायका एकसुरात किंचाळल्या, मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. तिकडे बाळ झोपलं तर माझं नाव सांगणं राहिलंच! पण पडद्यावरची रेघ आपली सरकतच होती. आधी भरून घेतलेली तेवढी बॅटरी कामी आली. फोन बंद होऊन आपोआप सुरू झाला.

"बॅटरीनं वढून न्हेलं की गं!" वडील ओरडले.

कॉल लागला. पडद्यावर भाऊ नाही, वहिनी नाही, नुसता एक गुलाबी कान. त्या कानात मी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. माझ्या पाठीवर बायकांचे बुक्के धपाधप पडायला लागले. मी हसत होते, ओरडत होते, फोन काही सोडला नाही. तो कान हलला, सरकला, आणि कानाच्या जागी दोन डोळे आले. कोण बोललं ते शोधत होते.