खिडकीकाकू आणि लाल दिवा

हिशेब विभागातल्या काकूंना सगळं ऑफिस पाठीमागे 'खिडकीकाकू' म्हणायचं. आल्या आल्या, पर्स ठेवायच्याही आधी, त्या खिडकी उघडायच्या आणि त्यांची पाठ वळली की कुणीतरी ती लावून टाकायचं.

"एसी चालू आहे ना, काकू!"

"अरे, तो आपलीच उष्टी हवा गार करून परत आपल्याच नाकात कोंबतो!"

सांगून सांगून काकूंच्या तोंडाला फेस आला. शेवटी वैतागून त्यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रच आणून टेबलावर ठेवलं. दुपारी आकडा अठराशेवर गेला आणि लाल दिवा लागला. साहेबांनी जांभई देत तो पाहिला.

"बिघडलेलं दिसतंय. माझं डोकं जड झालंय, जरा बाहेर फिरून येतो."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. मग समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या आणि एकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवला. साहेब ताजेतवाने होऊन परतले, तोवर आकडा सातशेवर उतरला होता आणि दिवा हिरवा झाला होता.

"बघा, झालं ना आपोआप नीट!" साहेब खूश झाले. "आता त्या खिडक्या लावून घ्या."