एका नावावर, दोघांच्या वापरातली

स्कूटर निम्मी माझी होती आणि तसे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. पाच वर्षे हे मला कधी खटकले नाही. खटकले ते आम्ही ती विकायला काढली तेव्हा.

दुसरा निम्मा मालक माझा शेजारी. आकुर्डी गावातल्या जुन्या शेतकरी घरातला, मी त्यांच्याच चाळीत भाडेकरू. दोघे पिंपरीच्या एकाच कारखान्यात, पण शिफ्ट कायम उलट्या. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्याचा नंबर लागला, पण एकट्याच्या खिशाला ती परवडेना. मग सुरुवातीचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे घातले. कंपनीचे कर्ज त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या पगारातून कापला जायचा आणि पगाराच्या दिवशी निम्मा हप्ता मी त्याच्या हातावर ठेवायचो. पावती मागायची आम्हाला दोघांनाही लाज वाटली असती.

वापरायची पद्धत अशी. सकाळच्या शिफ्टवाल्याने पहाटे स्कूटर काढायची, कारखान्यात नेऊन स्टँडला लावायची आणि दुपारी सुटताना गेटवर दुसऱ्याच्या हातात किल्ली द्यायची. स्वतः बसने घरी. दुसरा दुपारी बसने आलेला असे. मध्यरात्री सुटल्यावर बस नसे, तेव्हा तो स्कूटर घरी आणे. आठवड्याने शिफ्ट बदलली की उलट. म्हणजे स्कूटरवरून एक आठवडा मी नुसता जायचो आणि एक आठवडा नुसता यायचो. लोक हसायचे. रविवार आळीपाळीने बायकामुलांचा.

मग त्याला सुपरवायझर केले. जनरल शिफ्ट आली, कंपनीची बस दारात आली आणि त्याच सुमारास त्याच्या बहिणीचे लग्न ठरले. त्याला पैसे हवे होते. त्याचा हिस्सा मी घ्यावा असे त्याने सुचवले, पण नव्या गाड्या मिळत नसल्याने जुनी स्कूटर तेव्हा नवीपेक्षा महाग जायची. निम्मी घेण्याचीही माझी ऐपत नव्हती. तेव्हा विकायचे ठरले.

अक्षर माझे बरे, म्हणून कॅन्टीनच्या फळ्यावर लावायचा कागद मी लिहायला बसलो. तो सांगणार, मी लिहिणार. पहिल्याच ओळीला तो म्हणाला, "लिही, एका हातानं वापरलेली."

मी पेन थांबवले. म्हटले, "मग माझे हात कुठे गेले?"

"आरं राव, आर. सी. बुकात येकच नाव हाय ना? मंग येक हातच झाला."

"आणि मी?"

"तू हायेस की. पर बुकात न्हाईस."

यात चुकीचे काय ते मला सांगता येईना, आणि बरोबर आहे असेही वाटेना. एका हातातल्या गाडीला भाव जास्त, हे मलाही ठाऊक होते, आणि त्या जास्तीच्या भावातले निम्मे मलाच मिळणार होते. म्हणजे स्वतःला पुसून टाकण्याचा फायदाही माझाच. डोके चालेनासे झाले. ती जागा कोरी ठेवून मी पुढे लिहायला घेतले.

पुढे तरी सरळ असेल म्हणावे, तर तेही नाही. मीटर तेवीस हजार किलोमीटर दाखवत होते. पण मध्ये केबल तुटली होती आणि दोघांनीही ती दुसरा बदलेल म्हणून काही महिने तशीच ठेवली होती. तो म्हणाला, मीटर म्हणतंय तेच लिही. मी म्हटले, खोटे आहे. शेवटी "मीटरवर तेवीस हजार, काही महिने केबल बंद, अंदाजे सत्तावीस" असे लिहिले. फुकट सर्व्हिसिंगची कुपने सगळी वापरलेली. त्यानंतरचे काम चिंचवडच्या एकाच मिस्त्रीकडे: कार्बन दोनदा काढला, क्लच प्लेटा एकदा बदलल्या, इंजिन कधी उघडले नाही. तो लगेच म्हणाला, "पिस्टनपत्तुर हेड काढलं व्हतं की कार्बनला." मग 'इंजिन कधी उघडले नाही' हे खोडले. कागदपत्रे मात्र चोख. टॅक्स भरलेला, विमा चालू, कर्ज फिटल्यावर पुण्याच्या आर. टी. ओ.त जाऊन बुकातला कंपनीचा शेरा त्याने रद्द करून आणलेला.

सगळ्या कागदपत्रांवर त्याचे नाव होते. ते एकेक पाहताना मला राग आला, आणि राग कोणावर आला ते कळेना. त्याने एका पैशाने मला कधी फसवले नव्हते.

कोऱ्या ओळीत अखेर मीच लिहिले: "एका नावावर, दोघांच्या वापरातली." त्याने वाचले, डोके खाजवले आणि म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना? राहू दे."

टाइम ऑफिसचा शिक्का मारून कागद फळ्यावर लागला. लोक थांबून वाचायचे आणि पुढे जायचे. कॅन्टीनमध्ये एकाने मला हळूच विचारले, भांडण चालू आहे का? दुसऱ्याने शेजाऱ्याला विचारले, गाडी गहाण आहे का? आमची सरळ ओळ सगळ्यांना वाकडी दिसत होती. ती काढून टाकावी असे माझ्या रोज मनात येई, आणि फळ्यासमोर गेलो की हात उठत नसे. बहिणीचे लग्न जवळ येत होते. तरी ओळ काढ असे तो एकदाही म्हणाला नाही, त्याने मी जास्तच गोंधळायचो.

शेवटी सांगवीचे एक शिक्षक आले. त्यांचा मेव्हणा आमच्याच कारखान्यात होता, त्याने कागद वाचून सांगितले होते. गुरुजींनी बुकातले इंजिन नंबर, चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. विम्याची तारीख पाहिली, किक मारली, एक फेरी मारून आले. भाव ठरला, गुरुजींनी पैसे मोजून दिले आणि आम्ही ते तिथेच निम्मे निम्मे वाटून घेतले. शेजाऱ्याने ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही केली. मग गुरुजींनी माझ्याकडे पाहिले.

"आपण ते दुसरे का?"

"हो."

"मग आपलंही लिहून द्या. उद्या दारात आलात तर मी काय करू?"

शेजारी मध्ये पडला. "गुर्जी, त्याची सही लागत न्हाई. बुकात त्यो न्हाईच."

"म्हणूनच हवी," गुरुजी म्हणाले.

त्यांनी सांगितले, मी लिहिले. या स्कूटरमध्ये आजवर माझा निम्मा हिस्सा होता, माझ्या हिश्श्याचे पैसे मला पोचले, आजपासून माझा तिच्यावर कोणताही हक्क राहिलेला नाही. खाली सही केली. शेजाऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली, वाचून पाहिले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"आता आलास बग कागदावर," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी निम्मे वाक्य परत परत वाचत राहिलो. पुढचे निम्मे वाचायचे टाळत होतो.

गुरुजींना मी विचारले, याची एक नक्कल करून ठेवू का माझ्याजवळ?

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुम्हाला कशाला? तुमचा आता काही संबंध राहिला नाही ना," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी आर. सी. बुकाच्या कव्हरात घातली, बुक डिकीत ठेवले आणि स्कूटर सुरू केली.