कोरडं बनियन

तीर्थपुरीच्या भुजंगरावांकडे घड्याळ होतं, पण पावाचं पीठ ते बनियनावर चालवायचे. म्हणजे असं, की रात्री नऊला मैदा भिजवायला बसलं आणि बनियन पाठीला चिकटलं, की खमीर निम्मं आणि पाणी माठातलं. बनियन कोरडं असलं, की खमीर पुरतं आणि पाणी कोमट. वीस वर्षांत पाव एकदाही चुकला नव्हता. चुकलाच तर भुजंगराव दोष मैद्याला द्यायचे, आणि मैदा काही उलटून बोलत नव्हता.

मग डिसेंबरात सून आली, अर्पिता. विज्ञान शिकलेली. तिने आठ दिवस वही घेऊन बेकरीत मुक्काम केला आणि एक कागद लिहिला: नऊला कोमट पाण्यात मळणी, साडेअकराला गोळे, एकला भट्टी पेटवणं, तीनला पाव आत. पीठ आणि भट्टी यांची वेळ जुळली पाहिजे. पीठ आधी तयार आणि भट्टी थंड, तर नवरी मांडवात आणि नवरदेव अजून वाटेत.

"कागदावर पाव फुगतो व्हय?" भुजंगराव हसले. पण पाव असा काही फुगला, की दुसऱ्या आठवड्यात त्यांनी कागद फ्रेम करून आणला. फ्रेम देवाच्या जुन्या फोटोची, जरा आखूड. म्हणून वरची एक ओळ कात्रीने उडवली. ओळ काय, मथळाच असणार. तेव्हापासून भुजंगरावांनी पिठात बोट दाबून बघणं सोडलं. कुणी विचारलं तर फ्रेमकडे हात करायचे.

एप्रिल लागला. गिऱ्हाईक वाढलं म्हणून घरात मोठा कूलर आला, तो भुजंगरावांच्या खाटेसमोर. आणि त्याच आठवड्यात शहागडच्या हायवेवरच्या धाब्याचे बालकिशनशेठ म्हणाले, "उद्यापासून तीनशे पाव, सहाच्या आत. गाडी उशिरा आली तर मी बिलकुल थांबणार न्हाई, शहरातून मागवीन."

त्या रात्री भुजंगरावांनी कागदाबरहुकूम दहा किलो मैदा कोमट पाण्यात मळला, काथवटीवर कापड टाकलं, आणि कूलरसमोर येऊन आडवे झाले. गजर सव्वाअकराचा. काय थंड वारा! जानेवारीच जणू.

साडेदहाला बायको दुर्गाबाई पाणी प्यायला उठल्या आणि घराला लागूनच्या बेकरीतून ओरडल्या, "अहो, उठा! पीठ घर सोडून चाललंय!"

पत्र्याखाली बेकरी तव्यासारखी तापली होती. पीठ काथवटीच्या काठावरून उतरून खाली फरशीकडे निघालं होतं. आंबट वास सुटला होता. दुर्गाबाईंनी बोट खुपसलं. खड्डा भरून येण्याऐवजी सगळं पीठ सुस्कारा टाकून खाली बसलं.

"पण अजून साडेअकरा झाले न्हाईत," भुजंगराव फ्रेमकडे बघत म्हणाले. "येक तास बाकी हाय."

"मंग सांगा त्याला, येक तास मागं जा म्हणावं!"

अर्पिता धावत आली. फ्रेम बघून तिने कपाळावर हात मारला. "मामा, वरची ओळ कुठंय?"

"कोणती?"

"'फक्त थंडीसाठी' लिहिलं होतं."

भुजंगराव बनियन चाचपायला लागले. ते अगदी कोरडं होतं.

"तेच तर," दुर्गाबाई म्हणाल्या. "उन्हाळा तुमच्यापर्यंत आलाच कुठं? कूलरनं दारातूनच वापस पाठवला."

भट्टी थंड, आणि तापायला दोन तास. तोवर पिठाला थोपवायचं कसं? अर्पिताने हिशोब केला: आणखी पाच किलो मैदा, बर्फाचं पाणी, मीठ, मूठभर साखर, खमीर मात्र चिमूटभरही नाही, जुनंच पीठ नव्याला फुगवेल. भुजंगराव मळायला बसले. दुर्गाबाई आत गेल्या आणि कूलर ओढत घेऊन आल्या.

"अगं, तो माझा..."

"तुम्हाला फुगायचं न्हाई. ह्याला हळू फुगायचंय."

काथवटीवर ओलं कापड टाकून कूलर लावला. भुजंगरावांनी भट्टी लगेच पेटवली. बाराच्या पुढे गोळे झाले, दोनला भुजंगरावांनी कित्येक महिन्यांनी गोळ्यात बोट दाबलं. खड्डा सावकाश, आळस देत वर आला. "आता," ते म्हणाले. कागदावर तीन होते.

सहाला दहा मिनिटं कमी असताना गाडी शहागडला पोचली. बालकिशनशेठनी पाव मोडला, चावला, मग आणखी एक तुकडा तोडला.

"भुजंगराव, चव वेगळी हाय. बढिया. काय टाकलं?"

"अनुभव," भुजंगराव गंभीरपणे म्हणाले.

"रोज असाच पाहिजे बराबर."

झालं. आता घाबरून केलेला घोटाळा रोज ठरवून करायचा आला. अर्पिता रोज दुपारी थोडं पीठ मुद्दाम आंबवते. कूलर बेकरीतच राहिला. आणि भुजंगराव रात्री त्याच्यापासून चार हात लांब, वारा लागणार नाही अशा बेताने खुर्ची टाकून बसतात. फ्रेमच्या खिळ्याला एक नवा कागद आहे, सुनेच्या अक्षरातला. त्याची पहिली ओळ कुणी कापू नये म्हणून लाल शाईत लिहिली आहे: 'आधी मामांचं बनियन बघा.'