पावसाळ्यातला संगमघाट

मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीची, श्रावणातली गोष्ट. सासूबाई अखेरच्या घटका मोजत असल्याचा निरोप आला, म्हणून बायकोला घेऊन घोडेगावहून निघालो. तिचं माहेर गोदावरीपलीकडं. अलीकडच्या गावाला, दोन नद्या मिळतात तिथं, तीन संगमघाट होते: वरला, मधला आणि खालचा. उन्हाळ्यात आमच्या लग्नाला नाव मधल्या घाटावरून सुटली होती. मी सरळ तिथंच निघालो.

बायको म्हणाली, "अहो, पावसाळ्यात नाव वरल्या घाटावरनं सुटती."

"गप चल. वऱ्हाड घेऊन मी हितनंच गेल्तो."

ती मागोमाग आली. तासभर पायऱ्यांवर थांबलो. शेवटी धुणं धुणारी एक म्हातारी हसली.

"पावनं, पान्याला वढ किती हाय बघा. हितनं नाव सोडली तर पैठनाला जाऊन लागंल! वरनं सोडत्यात, मंग ती वाहत वाहत बरुबर गावाला लागती."

चिखलातून वर पळालो. तोवर नाव नदीच्या मध्यावर गेली होती. दुसरी खेप दुपारी मिळाली. पोचलो तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. लेकीसाठी माती थांबवून धरली होती.

बायको त्यावरून मला कधीच काही बोलली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

औंदा तिच्या अस्थी घेऊन त्याच संगमावर गेलो. घाट माहितीचा होता, तरी एसटीतून उतरल्याबरोबर पहिल्याच बाईला विचारलं. ती सांगेल तिकडं मुकाट्यानं गेलो.