प्रगतीचे तीस गुण

नमुना : मास्तर. प्रकार : तासिका तत्त्वावरचा. विषय : लेखनकौशल्य. वापर : दर सत्राअखेर विद्यार्थ्यांच्या लेखनसंचिका तपासून कोण किती सुधारलं ते गुणांत सांगणे. दृष्टी : चष्म्यासह समाधानकारक. ओळखीची खूण : ‘अजून एकदा लिहून बघ’ हे वाक्य, ज्यावरून विद्यार्थी त्याला पाठीमागे मसुदेसर म्हणत आणि समोर सर. नेमणूक : पुढील आदेशापर्यंत.

मसुदेसरांचा विषय कागदावर फार सुंदर होता. प्रत्येकाने सत्रभरात एकच लेख तीनदा लिहायचा, तिन्ही मसुदे तारखेनिशी संचिकेत लावायचे आणि वर एक पान आत्मपरीक्षणाचं : मी काय बदललं, का बदललं, काय अजून जमलं नाही. पक्क्या लेखाला चाळीस गुण, प्रगतीला तीस, प्रामाणिक आत्मपरीक्षणाला तीस. आणि प्रत्येक भागात वेगळं उत्तीर्ण व्हायचं. म्हणजे जन्मतः चांगलं लिहिणाऱ्याला फुकटचं काही मिळू नये आणि धडपडणाऱ्याचं काही वाया जाऊ नये. कल्पना मसुदेसरांचीच होती. तिचं श्रेय विभागप्रमुख बाईंनी घेतलं होतं, त्यामुळे ती मंजूर झाली.

गोची एवढीच की प्रत्येक मसुदा त्या त्या वेळी वाचून, शेरा मारून, सही करून परत द्यायचा होता. तीन वर्ग, दोन कॉलेजं आणि मधला बसचा प्रवास यांत ते पहिल्या महिन्यातच बारगळलं. सत्र संपता संपता मुलं तिन्ही मसुदे एकगठ्ठा घेऊन आली, आणि मसुदेसरांनी खाली मान घालून सह्या ठोकल्या. तारखा मागच्या घातल्या. निळी शाई, काळी शाई अशी अदलाबदलही केली. माणूस खोटं करायला बसला की किती नीटनेटका होतो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

संचिका तपासताना जे दिसायचं ते दिसलंच. पहिल्या मसुद्यात अख्ख्या वर्गाला परिच्छेद म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पक्क्या लेखात सगळ्यांना एकदम ठाऊक झालं होतं. आत्मपरीक्षणात प्रत्येक जण ‘सुरुवातीला चाचपडत’ होता आणि शेवटी ‘सरांच्या मार्गदर्शनामुळे’ वाटेला लागला होता. मसुदेसरांनी कुणालाही मार्गदर्शन केलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना प्रगतीचे वीस-बावीस दिले. पुरावा नाही, मग संशयाचा फायदा द्यायला काय जातं?

मग मुंगीची संचिका आली.

मुंगी म्हणजे बारीक अक्षराची, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी. वसतिगृहात राहायची. एका विषयात जरी नापास झाली तरी तिथली जागा जाणार, आणि जागा गेली की घरी मामाने आपल्या दुकानाच्या गल्ल्यावरची खुर्ची तिच्यासाठी पुसून ठेवलेलीच होती. हे मसुदेसरांना माहीत होतं, कारण मामा एकदा येऊन विचारून गेला होता की हिचं हे कधी आटपणार.

तिचा पक्का लेख बंद पडलेल्या लिफ्टबद्दल होता, आणि आजारी बापाला चार मजले खाली उतरवणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल. मसुदेसरांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी आत्मपरीक्षण उघडलं.

‘पक्का लेख मी आधी लिहिला, एका बैठकीत. मग तो बिघडवून दुसरा मसुदा केला आणि दुसरा बिघडवून पहिला. चांगलं वाक्य वाईट करायला फार त्रास झाला. सरांनी तिन्हींवर एकाच दिवशी सह्या केल्या, तारखा वेगळ्या घातल्या. प्रामाणिक लिहा असं सांगितलंय म्हणून लिहिते. माझी प्रगती झालेली नाही.’

त्याखाली आणखी एक पान टाचलेलं होतं, काट मारलेलं : त्याच आत्मपरीक्षणाचा आधीचा मसुदा. त्यात ती सुरुवातीला चाचपडत होती आणि सरांच्या मार्गदर्शनामुळे वाटेला लागली होती.

मसुदेसरांनी गुणपत्रक पुढे ओढलं. प्रामाणिकपणाला तीसपैकी तीस द्यायलाच हवे होते. प्रगतीला शून्य, म्हणजे नापास. आणि नापासाची प्रत्येक संचिका फेरतपासणीला विभागप्रमुख बाईंकडे जाते, त्या सह्यांसकट. ज्यांनी नाटक केलं ते सगळे पास, आणि नाटकाचा पडदा जिने उचलला ती एकटीच बाहेर.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता निकाल दिला. “अहो, वरचं पान काढा, खालचं तिच्याकडून कोऱ्या कागदावर लिहून घ्या. तीही सुटली, तुम्हीही सुटलात. हरिश्चंद्राला पगारी नोकरी होती का तुमच्यासारखी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंगीला स्टाफरूमच्या बाहेर बोलावलं. आवाज शक्य तितका सरकारी ठेवून, पान बदलायचं असेल तर अजून वेळ आहे, असं सांगितलं. तिने त्यांच्या चपलांकडे बघत विचारलं.

“सर, बदललं तर ती प्रगती धरणार का?”

त्या प्रश्नातून मसुदेसरांना दुसरंच काही सुचलं. तिच्या लेखाची प्रगती नव्हती, पण आत्मपरीक्षणाची होती : आधी खोटं, मग खरं. दोन्ही मसुदे हजर, बदल ढळढळीत, कारणही लिहिलेलं. सत्रभरात अख्ख्या वर्गातून कुणी काही खरोखर पुन्हा लिहिलं असेल, तर एवढं एकच पान. बुडत्याला काडी सापडली. त्यांनी प्रगतीचे पंधरा दिले, समासात सविस्तर कारण लिहिलं, सह्यांच्या तारखा आपणच मागच्या घातल्याचंही लिहिलं, आणि संचिका स्वतःच बाईंकडे पोचवली.

बाईंनी सगळं वाचलं, चष्मा काढला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, मुलगी खरी आहे, लेख तर फारच चांगला आहे. पण प्रगती लेखाच्या मसुद्यांवर मोजायची, आणि मसुदे बनावट आहेत हे तिचंच लेखी म्हणणं आहे.

“आज हे पंधरा दिले, की पुढच्या सत्रात सगळी पोरं खऱ्याखाली एकेक खोटं टाचून आणतील. आणि तेही छान टाचतील. तुम्ही ओळखाल?”

“नाही,” मसुदेसर म्हणाले.

बाईंनी पंधराचं शून्य केलं. सह्यांबद्दल लेखी समज दिली. काढून टाकलं नाही, कारण त्या दराने तासिका घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मुंगीला मसुदेसरांनी स्वतः सांगितलं. बाहेर जिन्यावर, पोरांच्या गर्दीत. तिने फक्त विचारलं की खालचं पान वर असतं तर काय झालं असतं. खोटं बोलायची ही त्यांची शेवटची संधी होती, आणि ती त्यांनी दवडली.

“पास झाली असतीस.”

तिने मान हलवली, जणू गणित जुळलं. त्याच आठवड्यात मामा टेम्पो घेऊन आला. ट्रंक, गादी, पुस्तकांचं पोतं. मसुदेसर स्टाफरूमच्या खिडकीत उभे होते. खाली जावं की नाही हे ठरेपर्यंत टेम्पो निघून गेला.

पुढच्या सत्रात तिने विषय पुन्हा दिला. गल्ल्यावरून वेळ काढून, आठवड्याला एकदा येऊन. या खेपेला मसुदेसरांनी प्रत्येक मसुदा वेळच्या वेळी वाचला, शेरे मारले, खऱ्या तारखा घातल्या. पहिला मसुदा वाईट होता, दुसरा बरा, तिसरा चांगला. लिफ्टच्या लेखाइतका नव्हे, पण चांगला. आत्मपरीक्षणात लिहिलं होतं की सुरुवातीला ती चाचपडत होती. खरंच चाचपडत होती की काय, हे तिसऱ्यांदा वाचूनही मसुदेसरांना कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्यांनी तिला प्रगतीचे तीसपैकी सत्तावीस आणि प्रामाणिकपणाचे तीसपैकी तीस दिले.